पॅकिंग लिस्ट (निर्यात)

पॅकिंग लिस्ट हा निर्यात मालाच्या बांधणीचा तपशील देणारा दस्तऐवज आहे. इन्व्हॉइसमधून मालाची किंमत कळते, तर कोणत्या खोक्यात कोणता माल किती नग आहे आणि त्याचे वजन किती, हे पॅकिंग लिस्टमधून कळते. भारताच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने २०१५ मध्ये निर्यातीसाठी अनिवार्य दस्तऐवजांची संख्या तीनवर आणली. त्यांत शिपिंग बिल व वाहतुकीचा दस्तऐवज यांच्यासोबत इन्व्हॉइस व पॅकिंग लिस्ट यांचा एकत्रित दस्तऐवज आहे. दोन्ही वेगवेगळे सादर केले तरी चालतात.

पुणे परिसरातील कारखान्यांचा माल तळेगाव किंवा दिघी येथील अंतर्देशीय कंटेनर आगारातून, अथवा थेट न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो. सीमाशुल्क अधिकारी शिपिंग बिलातील मजकूर आणि प्रत्यक्ष माल यांची सांगड पॅकिंग लिस्टच्या आधारे घालतात.

खोके क्रमांक

प्रत्येक खोक्यावर खूणचिन्ह आणि '१/४००', '२/४००' असा अनुक्रमांक छापला जातो. मालाची तपासणी ठरल्यास अधिकारी स्वतः निवडलेल्या क्रमांकांची काही खोकी उघडायला सांगतात आणि त्यांतील वस्तू व नगसंख्या यादीशी ताडून पाहतात. यादीत केवळ 'एकूण ४०० खोकी' असे लिहिलेले असेल, तर विशिष्ट खोक्यात काय असायला हवे हे कळत नाही. त्यामुळे जास्त खोकी उघडावी लागू शकतात.

निव्वळ वजन

निव्वळ वजन म्हणजे वेष्टनाशिवाय केवळ वस्तूचे वजन. सीमाशुल्क दरपत्रकात ८७०८ या शीर्षकाखालील वाहनांच्या सुट्या भागांचे परिमाण किलोग्रॅम आहे. त्यामुळे इन्व्हॉइस नगांवर केलेले असले, तरी शिपिंग बिलात किलोग्रॅममधील परिमाण द्यावे लागते. ते निव्वळ वजनावरून घेतले जाते. तेथे एकूण वजन लिहिल्यास खोक्यांचा पुठ्ठा आणि लाकडी पॅलेट यांचे वजनही निर्यात झालेल्या मालात मोजले जाते.

एकूण वजन

एकूण वजनात वस्तू, खोके, आतील वेष्टन व पॅलेट या सर्वांचा समावेश होतो. कंटेनरचे प्रमाणित वजन मात्र यापेक्षा वेगळे असते. त्यात रिकाम्या कंटेनरचे आणि माल बांधण्याच्या साहित्याचे वजनही धरले जाते. समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १ जुलै २०१६ पासून हे वजन दिल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवता येत नाही.

उदाहरण

चाकणहून जाणाऱ्या, दोन प्रकारचे सुटे भाग असलेल्या ४०० खोक्यांचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येतो.

| खोके क्र. | प्रति खोका नग | प्रति खोका निव्वळ | प्रति खोका एकूण | सर्व निव्वळ | सर्व एकूण |
|---|---|---|---|---|---|
| १–३२० | २० | १२.० किग्रॅ | १२.८ किग्रॅ | ३,८४० किग्रॅ | ४,०९६ किग्रॅ |
| ३२१–४०० | १२ | १८.० किग्रॅ | १८.९ किग्रॅ | १,४४० किग्रॅ | १,५१२ किग्रॅ |
| बेरीज | | | | ५,२८० किग्रॅ | ५,६०८ किग्रॅ |

ही खोकी प्रत्येकी १८ किलोग्रॅमच्या १० पॅलेटवर, दर पॅलेटवर ४० याप्रमाणे रचल्यास एकूण वजन ५,७८८ किलोग्रॅम होते. रिकामा कंटेनर २,२०० किलोग्रॅमचा असल्यास कंटेनरचे प्रमाणित वजन, बांधणीचे साहित्य वगळून, ७,९८८ किलोग्रॅम येते. पॅलेटचे १८० किलोग्रॅम धरायचे राहून गेल्यास वजनकाट्याची पावती आणि यादी यांत नेमका तेवढाच फरक दिसतो.

नगसंख्येतील विसंगती

वरील मालाचे वर्णन '४०० खोकी' किंवा '४०० खोकी असलेली १० पॅलेट' अशा दोन्ही प्रकारे करता येते. शिपिंग बिलात ४०० आणि जहाज कंपनीच्या निर्यात मालसूचीत १० नग नोंदवले गेल्यास संगणकीय प्रणालीत दोन्ही नोंदी जुळत नाहीत. निर्यातीवर भरलेल्या एकात्मिक वस्तू व सेवा कराच्या परताव्यासाठी शिपिंग बिल हाच अर्ज मानला जातो आणि त्यासाठी निर्यात मालसूची दाखल होणे आवश्यक असते. त्यामुळे माल परदेशी पोहोचला तरी परतावा अडकून राहू शकतो. हे टाळण्यासाठी वेष्टनाचा प्रकार व संख्या पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि वाहतुकीचा दस्तऐवज या तिन्हींत एकच ठेवतात.

दुरुस्ती

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १४९ नुसार दस्तऐवजात दुरुस्तीची परवानगी मिळू शकते. मात्र माल निर्यात झाल्यानंतर, निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदोपत्री पुराव्याच्याच आधारे ती दिली जाते. नंतर तयार केलेली सुधारित यादी त्यासाठी पुरेशी ठरत नाही. अशा वेळी मूळ पॅकिंग लिस्ट आणि त्या दिवशीची वजनकाट्याची पावती उपयोगी पडते. मालाचे तपशील शिपिंग बिलातील नोंदीशी महत्त्वाच्या बाबतीत जुळत नसल्यास कलम ११३ नुसार माल जप्तीस पात्र ठरू शकतो.