कोलींचे जंतू आणि राँटगेनचे किरण

न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातील तरुण शल्यचिकित्सक विल्यम कोली यांची एक रुग्ण, १७ वर्षांची मुलगी, जानेवारी १८९१ मध्ये दगावली. हाताच्या हाडात सार्कोमा झाला होता. हात कापूनही काही महिन्यांतच रोग शरीरभर पसरला. अस्वस्थ झालेल्या कोलींनी रुग्णालयाची जुनी कागदपत्रे चाळली, तेव्हा त्यांना स्टाइन नावाच्या रुग्णाची नोंद सापडली. त्याच्या मानेवरची गाठ वारंवार कापूनही पुन्हा वाढत होती. मग त्याला धावरे झाले, म्हणजे जंतूंमुळे त्वचा लालभडक होऊन ताप चढला. आणि ताप उतरला तेव्हा गाठ विरून गेली होती. कोलींनी त्याला शहरात शोधून काढले. काही वर्षे उलटली होती आणि तो ठणठणीत होता.

१८९१ मध्येच कोलींनी झोला नावाच्या रुग्णाच्या गाठीत धावऱ्याचे जिवंत जंतू टोचले. अनेक प्रयत्नांनंतर खरा संसर्ग झाला, सडकून ताप आला आणि गाठ फुटून ओसरली. मरणासन्न अवस्थेतला झोला त्यानंतर आठ वर्षे जगला. पण पुढच्या काही रुग्णांना गुण आला नाही, तर काही संसर्गानेच मेले. म्हणून कोली मारलेल्या जंतूंचे मिश्रण वापरू लागले. तरीही प्रत्येक वेळी तयार होणारे मिश्रण सारखे नसे आणि कोणाला गुण येईल हे आधी सांगता येत नसे. ते का गुण देते, हे तर कोणालाच सांगता येत नव्हते.

इतक्यात १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि काही वर्षांत रेडियमही हाती आले. किरणांचे एक मोठे बळ होते: त्यांची मात्रा मोजता येते आणि नेम धरता येतो. क्ष-किरण पेशीतून जाताना रेणूंमधील इलेक्ट्रॉन उडवतात. त्यातून डीएनएच्या दोन्ही धाग्यांचे तुकडे पडतात. अशी पेशी तत्काळ मरतेच असे नाही; ती विभागायला निघते तेव्हा तुटलेली गुणसूत्रे नीट वाटली जात नाहीत आणि मग ती मरते. म्हणूनच किरणांनंतर गाठ आठवड्यांनी आकसते.

निरोगी पेशींनाही इजा होतेच. यावरचा तोडगा पॅरिसच्या क्लॉडियस रेगो यांनी मेंढ्यावरील प्रयोगांतून दाखवला. एकाच मोठ्या मात्रेने मेंढ्याला वंध्य करायचे, तर वरची त्वचाही जळे. तीच मात्रा अनेक दिवसांत विभागून दिली, तर त्वचा टिके आणि शुक्रपेशी मात्र नष्ट होत. बहुतेक निरोगी पेशी मधल्या वेळात डीएनएची दुरुस्ती करून घेतात; कर्कपेशींना ते तितकेसे साधत नाही. आजही अनेक कर्करोगांत रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे किरण देतात.

मोजता येणारा किरण जिंकला आणि बेभरवशाचा जंतू मागे पडला, यात नवल नाही. पण किरणांची एक मर्यादा उरली: नेम जिथे धरला तिथेच ते काम करतात. रोग शरीरभर पसरला असेल, तर सगळीकडे नेम कसा धरणार?

कोलींच्या ताप आलेल्या रुग्णांत काय घडत होते, याचा उलगडा उशिरा होऊ लागला. जंतूंनी गाठ खाल्ली नव्हती. त्यांनी शरीराची प्रतिकार यंत्रणा जागी केली असावी, असे आज मानले जाते. रक्तातील टी पेशी कर्कपेशीच्या पृष्ठभागावरील बदललेली प्रथिने ओळखून तिला मारू शकतात. मात्र त्यांना आवरणारे ‘ब्रेक’ही असतात. सीटीएलए-४ हा असा एक ब्रेक. तो अडवला की उंदरांतील गाठी नाहीशा होतात, हे जेम्स अ‍ॅलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवले. दुसरा ब्रेक, पीडी-१, तासुकु होंजो यांनी शोधला. पहिला ब्रेक सोडवणारे औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झाले आणि २०१८ चे नोबेल या दोघांना मिळाले.

इथे औषध कर्कपेशीला शिवतही नाही. ते टी पेशींना मोकळे सोडते, आणि त्या सर्व शरीरात फिरतात. यातच धोकाही आहे: मोकळ्या सुटलेल्या पेशी आतडे, त्वचा किंवा थायरॉइडवरही हल्ला करतात. शिवाय टी पेशींची गर्दी झाल्याने गाठ कधी कधी आधी मोठी दिसते आणि नंतर ओसरते. म्हणून डॉक्टर बरेचदा एकाच छायाचित्रावर निर्णय न घेता काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. आणि अनेक रुग्णांना या औषधांचा गुण येतच नाही, ही कोलींची जुनी अडचण अजून संपलेली नाही.

२०१२ मध्ये न्यूयॉर्कहूनच एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्वचेचा मेलॅनोमा पसरलेल्या एका स्त्रीला इपिलिमुमॅब चालू होते, तरी रोग वाढत होता. दुखणे कमी व्हावे म्हणून पाठीच्या कण्याजवळच्या एकाच गाठीवर किरण दिले. काही महिन्यांनी ती गाठ आकसलीच, पण किरण न लागलेल्या दूरच्या गाठीही आकसल्या. किरणांनी फुटलेल्या कर्कपेशींतून टी पेशींना शत्रूची ओळख पटली असावी, असा अर्थ लावला गेला. असे क्वचितच घडते. नियम म्हणून ते घडवून आणता आलेले नाही. पण एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानले गेलेले हे दोन मार्ग त्या एका शरीरात एकत्र आले होते, एवढे खरे.