मोटालाच्या कालव्यापासून मानवतपर्यंत

स्कँडिनेव्हियन पद्धतीची गुन्हेमालिका एकाच खुनावर चालते. तपास आठ, दहा, कधी वीस भाग रेंगाळतो, आकाश राखाडी असते, पोलीस अधिकारी थकलेला असतो आणि खुनी कोण यापेक्षा मेलेल्या माणसामागे काय उरले, याला जास्त जागा मिळते. या प्रकाराचे मूळ सहसा उत्तरेकडच्या थंडीत शोधले जाते. लांबलेला हिवाळा, दुपारी तीनला होणारा अंधार आणि अबोल माणसे यांतून असा संथपणा आपोआप आला, असे मानले जाते. मात्र या घराण्याची मूळ कादंबरी उघडली की ती भर उन्हाळ्यात सुरू होते.

माय श्योवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडप्याची ‘रोझान्ना’ 1965 साली आली. जुलै महिना आहे. स्वीडनमधल्या मोटाला गावाजवळ, येता कालव्यातला गाळ उपसताना एका तरुणीचा विवस्त्र मृतदेह वर येतो. पोलीस अधिकारी मार्टिन बेक स्टॉकहोमहून येतो आणि पुढचे कित्येक आठवडे काहीही घडत नाही. मृत स्त्रीचे नावच कळत नाही. नाव नाही म्हणून ओळखीची माणसे नाहीत आणि माणसे नाहीत म्हणून संशयितही नाही. अखेर अमेरिकेतल्या नेब्रास्काहून तार येते, तेव्हा ती कोण होती ते समजते. मग ती ज्या प्रवासी बोटीवर होती, तिच्यावरच्या पर्यटकांनी काढलेली छायाचित्रे आणि हौशी चित्रफिती देशोदेशींतून मागवल्या जातात. एका चित्रफितीत ती दिसते आणि तिच्याजवळ एक पुरुष उभा दिसतो. तेवढ्या धाग्यावर तपास हिवाळ्यापर्यंत पोचतो.

यातली संथ गती हवामानाने आणलेली नाही. पत्र पाठवायचे आणि उत्तराची वाट पाहायची, शेकडो चित्रे एकेक करून बघायची, या कामाला जेवढा वेळ लागतो तेवढाच कादंबरी घेते. बर्फ येतो तो वाट पाहण्यात ऋतू उलटल्यामुळे. म्हणून या घराण्याचा पूर्वज हवामानात न शोधता पोलिसांच्या फायलीत शोधायला हवा.

तो शोध अनपेक्षितपणे अमेरिकेत नेतो. एड मॅकबेन या टोपणनावाने लिहिणाऱ्या कादंबरीकाराने 1956 पासून ‘87वे ठाणे’ ही मालिका चालवली. तिचा नायक एकटा चतुर गुप्तहेर नसून सगळे पोलीस ठाणे होते. या मालिकेतल्या काही कादंबऱ्या स्वीडिशमध्ये आणल्या त्या श्योवाल आणि वालू यांनीच. मॅकबेनच्याही आधी 1949 मध्ये ‘ड्रॅगनेट’ हा नभोनाट्याचा कार्यक्रम सुरू झाला होता आणि त्याच्या कथा लॉस एंजेलिस पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवरून घेतलेल्या असत. एकट्या बुद्धिमान हेराऐवजी ठाणे नायक झाले की कथेत अपरिहार्यपणे नोंदी, पाळ्या आणि कंटाळा येतो. स्कँडिनेव्हियन संथपणाचे बी इथे आहे.

या मांडणीवर एक रास्त आक्षेप आहे. जोडप्याने मॅकबेन आधी वाचला की ‘रोझान्ना’ आधी लिहिली, हा वाद अजून चालतो, आणि भाषांतरे मार्टिन बेकची मालिका सुरू झाल्यानंतरची आहेत. तरीही 1968 च्या ‘हसणारा पोलीस’ या चौथ्या कादंबरीपर्यंत ठाण्यातली सगळी माणसे स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभी राहतात आणि बेक त्यांतला एक उरतो. पहिल्या पुस्तकाबद्दल वाद घालता येईल. मालिकेची पुढची घडण मॅकबेनच्या ठाण्यातूनच आली, असेच मानावे लागते. जोडप्याने स्वतःची भर घातली ती राजकारणाची. दहा कादंबऱ्यांच्या या मालिकेत त्यांनी डाव्या नजरेने स्वीडिश कल्याणकारी राज्याचीच चौकशी केली. वालू 1975 मध्ये वारले आणि मालिका तिथेच संपली.

प्रतिस्पर्धी सिद्धान्तांत सर्वांत बळकट दावा ‘ट्विन पीक्स’चा आहे. 1990 च्या या अमेरिकी मालिकेत एका शाळकरी मुलीचे प्रेत सापडते आणि सगळे गाव उघडे पडते. डॅनिश दूरचित्रवाणीची 2007 ची ‘फोर्ब्रिडेल्सन’ याच वाटेने जाते. नाना बिर्क लार्सन ही शाळकरी मुलगी मारली जाते आणि वीस भागांत साधारण एकेका दिवसाचा हिशोब मांडला जातो. पोलीस, मुलीचे आईवडील आणि महापालिकेचे राजकारण हे तीन धागे शेजारी शेजारी चालतात. स्वयंपाकघरात सुन्न बसलेल्या आईवडिलांचे दृश्य ‘ट्विन पीक्स’कडून आले, हे मान्य करायला हरकत नाही. महापालिकेचा धागा मात्र श्योवाल-वालूंचा आहे आणि तपासाची चिकाटीही त्यांचीच.

2011 च्या ‘ब्रुन’ या मालिकेने आणखी एक युक्ती दिली. स्वीडन आणि डेन्मार्क यांना जोडणाऱ्या पुलावर, नेमके सीमारेषेवर प्रेत ठेवलेले सापडते, त्यामुळे दोन्ही देशांच्या पोलिसांना एकत्र काम करावे लागते. ही युक्ती मुंबईच्या उत्तरेला भाईंदर खाडीवरही चालली असती. 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला, तेव्हा खाडीच्या दक्षिणेचे मीरा-भाईंदर ठाणे ग्रामीण पोलिसांकडे राहिले आणि उत्तरेचे वसई पालघर पोलिसांकडे गेले. मधल्या रेल्वे पुलावर लोहमार्ग पोलिसांचा अधिकार. भरतीबरोबर सरकणाऱ्या प्रेताची हद्द ठरवणे हा अशा कथेतला पहिला पेच ठरला असता. ऑक्टोबर 2020 मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि दोन्ही काठ एका आयुक्ताखाली आले. असे कथानक रचणाऱ्याला ते 2014 ते 2020 या सहा वर्षांतच बसवावे लागेल.

मराठीत या प्रकाराची वाट डेन्मार्कहून आली नाही, आणि इथे फायलीचा सिद्धान्त सर्वांत पक्का ठरतो. मुंबई दूरदर्शनवरची बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही मालिका मुंबई पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर उभी होती. ‘ड्रॅगनेट’चीही हीच रीत. तिच्यात काम केलेले शिवाजी साटम पुढे 1998 मध्ये सिंग यांच्याच हिंदी ‘सीआयडी’त एसीपी प्रद्युम्न झाले. तिथे प्रकरणे झटपट उलगडू लागली आणि वाट पाहणे संपले. त्या मालिकेच्या सुरुवातीच्या काळात इन्स्पेक्टर वीरेंद्रची भूमिका आशुतोष गोवारीकर करत होते.

तेच गोवारीकर 2024 मध्ये ‘मानवत मर्डर्स’मध्ये पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी झाले. आशिष बेंडे दिग्दर्शित ही मराठी मालिका कुलकर्णी यांच्या आठवणींच्या पुस्तकावर आधारलेली आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये 1972 पासून स्त्रिया आणि मुलींचे खून होत होते आणि त्यांमागे गुप्तधनाच्या लोभातून दिलेल्या बळींचा संशय होता. तपासासाठी मुंबईहून कुलकर्णींना पाठवण्यात आले. स्टॉकहोमहून मोटालाला गेलेल्या बेकसारखाच हा बाहेरचा अधिकारी अशा गावात येतो, जिथे सगळ्यांना काहीतरी ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. कालव्याच्या जागी इथे मराठवाड्याचे रखरखीत रान आहे, आणि काळही दुष्काळाचा आहे. अंधाराऐवजी डोळे दिपवणारे ऊन असूनही मालिका तितकीच उदास वाटते, कारण उदासी येते ती तोंड न उघडणाऱ्या साक्षीदारांमुळे. थंडीचा सिद्धान्त इथे टिकत नाही.

‘फोर्ब्रिडेल्सन’ची थेट वारसदार त्यानंतर नवी मुंबईत आली. 2025 ची हिंदी ‘सर्च: द नैना मर्डर केस’ तिचेच रूपांतर आहे. रोहन सिप्पी दिग्दर्शित या मालिकेत कोंकणा सेन शर्मा तपास अधिकारी आहेत. मराठी शाखा पोलिसांच्या फायलीतून वाढली होती, ही शाखा मात्र रीतसर रूपांतर म्हणून परदेशातून आली. त्यामुळे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातच या घराण्याच्या दोन फांद्या शेजारी शेजारी दिसतात.