खरेदी आदेशातील अटी

माल पोहोचवणे, तपासणे, स्वीकारणे आणि त्याचे पैसे देणे यांविषयी खरेदीदार व पुरवठादार यांच्यात ठरलेल्या लेखी अटी. बोलीभाषेत या आदेशाला ‘पीओ’ म्हणतात. अंधेरीची एमआयडीसी, घाटकोपर–मुलुंडचा लालबहादूर शास्त्री मार्ग अशा मुंबई उपनगरांतल्या औद्योगिक गाळ्यांत दर आणि नग यांवरून भांडण क्वचित होते. भांडण होते ते माल ‘स्वीकारला’ कधी यावरून, कारण पैशांची मुदत तिथूनच मोजायची असते.

पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक वा सेवा देणारा असेल आणि त्याची उद्यम नोंदणी असेल, तर या तारखेचे उत्तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मध्ये आहे. माल प्रत्यक्ष पोहोचला तोच स्वीकृतीचा दिवस. खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत पुरवठादाराने दूर केली तो दिवस धरतात. लेखी करार असल्यास मुदत स्वीकृतीपासून जास्तीत जास्त ४५ दिवस. करारच नसेल तर १५ दिवस. त्यामुळे ‘जीआरएन झाल्यापासून ९० दिवस’ ही अनेक पीओंवर छापलेली अट अशा पुरवठादारापुढे टिकत नाही. स्टोअरने जीआरएन उशिरा काढली म्हणून स्वीकृतीची तारीख पुढे जात नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. अंधेरीच्या एका गाळ्यातून मुलुंडच्या कारखान्याला १,००० पितळी बुश जायचे आहेत. आतला व्यास २० मिमी, एच७. म्हणजे भोक २०.००० ते २०.०२१ मिमीमध्येच बसले पाहिजे. माल ३ जूनला पोहोचतो आणि गेटवर चलनावर शिक्का बसतो. पीओत ‘आमच्या तपासणीच्या अधीन’ एवढेच लिहिले आहे. पुरवठादाराने व्हर्नियरने मोजले होते. नेहमीच्या व्हर्नियरचे लघुतम माप ०.०२ मिमी, म्हणजे जवळजवळ या भोकाच्या संपूर्ण मोकळिकीइतके. खरेदीदार बोअर गेज लावतो आणि ८० नगांच्या नमुन्यात ५ नग मोठे निघतात. पुरवठादार म्हणतो, ते ५ बदलून देतो. खरेदीदाराला सगळा लॉट परत पाठवायचा आहे. पीओ गप्प असल्याने दोघांचेही म्हणणे खोडता येत नाही.

इथे तीन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. पहिली, कोणत्या साधनाने आणि कुणाच्या गेजने मोजायचे. दुसरी, नमुना किती आणि किती दोषांवर लॉट नाकारायचा. आयएस २५०० नुसार, सामान्य पातळी २ आणि एक्यूएल १.० धरल्यास १,००० नगांच्या लॉटमधून ८० नग तपासतात. २ दोषांपर्यंत लॉट पास, ३ झाले की नापास. ही ओळ पीओत असती, तर ५ दोषांवर वाद उरलाच नसता. तिसरी, नाकारलेला लॉट कोणी, किती दिवसांत, कुणाच्या खर्चाने उचलायचा. वस्तू विक्री अधिनियम, १९३० नुसार, वेगळे ठरले नसेल तर खरेदीदारावर नाकारलेला माल परत पोहोचवण्याचे बंधन नाही. नाकारल्याचे कळवले की पुरे.

खरेदीदाराने १२ जूनला ईमेलने हरकत कळवली आणि पुरवठादाराने २५ जूनला पूर्ण लॉट बदलून दिला, तर ४५ दिवस २५ जूनपासून, म्हणजे ९ ऑगस्टपर्यंत. हीच तक्रार फक्त फोनवर केली असती, तर मुदत ३ जूनपासून मोजून १८ जुलैलाच संपली असती. खरेदीदाराचे सर्वांत मोठे नुकसान या फोनच्या सवयीने होते. थोडेच नग नाकारले असतील, तर उरलेल्यांचे पैसे रोखायचे की द्यायचे, हेही पीओत स्पष्ट लिहावे. खरेदीदाराने मधल्या काळात नग मशीनवर चढवून वापरले, तर सामान्यतः तो माल स्वीकारला असे धरले जाते. नाकारण्याचा हक्क जातो, भरपाईचा राहतो.

मुदत चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बँक दर ६ टक्के असेल तर ते १८ टक्के. पीओवर ‘उशिरा व्याज नाही’ असे छापूनही ते टळत नाही. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात केलेल्या बदलामुळे मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. ती प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरतात. पुरवठादार निव्वळ व्यापारी किंवा मध्यम उद्योग असेल, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही आणि पीओतली मुदतच महत्त्वाची ठरते. म्हणून पीओ देण्याआधी उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागून ठेवावी.

वाद सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे जातो. परिषदेचा निर्णय मान्य नसलेल्या खरेदीदाराला न्यायालयात त्याला आव्हान देण्यापूर्वी निर्णयातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते.