अद्वैत वेदान्त : आठव्या शतकातील वाद आणि मठपरंपरा

गौडपादांच्या मांडूक्यकारिकांतून आलेल्या अद्वैतविचाराला शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रे, उपनिषदे आणि गीता यांवरील भाष्यांतून शास्त्राची घडी दिली. परंपरा त्यांचा काळ इ.स. 788–820 मानते, अनेक अभ्यासक तो आठव्या शतकाच्या पूर्वार्धात नेतात.

शंकराचार्यांनी बौद्धांना हरवले, ही समजूत सर्वपरिचित असली तरी भाष्यातला मुख्य मल्ल सांख्य आहे. तो पडला की बाकीचे पडलेच, असे ते स्वतःच म्हणतात. बौद्ध विज्ञानवादाचाही त्यांनी नेमका समाचार घेतला. बाह्य वस्तू नसतात, आतलेच रूप बाहेर असल्यासारखे भासते, या मतावर त्यांचा प्रतिप्रश्न असा : विष्णुमित्र वांझेच्या मुलासारखा दिसतो, असे कोणी म्हणते काय? जे मुळात नाहीच, त्याच्यासारखे काही दिसणार कसे?

पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र मीमांसकांशी झालेला वाद अधिक मोलाचा. वेद कर्माची आज्ञा देतो. जे वाक्य काही करायला सांगत नाही, त्याला स्वतंत्र प्रयोजन नाही, असे मीमांसक म्हणत. शंकराचार्यांचे उत्तर दोरीचे आहे. ‘ही दोरी आहे, साप नव्हे’ एवढे कळताच भीती जाते; त्यासाठी काहीच करावे लागत नाही. ब्रह्मज्ञानही तसेच. ज्ञानाने ‘मी कर्ता’ ही समजूतच मोडते, म्हणून ज्ञान आणि कर्म यांची सांगड त्यांना अमान्य होती. यातूनच सर्वकर्मसंन्यास, म्हणजे यज्ञोपवीत आणि शेंडीचाही त्याग, आला. ‘ब्रह्मसिद्धी’कार मंडनमिश्र अद्वैतीच, पण ते कर्माला ज्ञानाचे साहाय्यक मानीत, भेदाभेदवादी भास्करांनी तर या संन्यासावर कडाडून टीका केली.

गृहस्थाश्रम आणि यज्ञ सोडलेल्यांनी ग्रंथ शिकायचे कोठे आणि शिष्यपरंपरा चालवायची कशी? मठांचे बीज या गरजेत आहे. शृंगेरी, द्वारका, पुरी आणि ज्योतिर्मठ यांची स्थापना परंपरा शंकराचार्यांकडे देते. त्यांच्या भाष्यांत मात्र मठांचा उल्लेख नाही. मंडनमिश्रांशी झालेल्या वादाची, पंच म्हणून बसलेल्या उभयभारतीची प्रसिद्ध कथा सांगणारा ‘शंकरदिग्विजय’ही अनेक शतकांनंतरचा आहे. शृंगेरीचे वैभव ठळकपणे दिसते ते विजयनगरच्या काळात : 1346 मध्ये हरिहर आणि त्याच्या भावांनी भारतीतीर्थांना जमिनी दिल्या.

सर्वस्व सोडणाऱ्यांच्या मठात अशी संपत्ती साठत गेली. 1791 मध्ये मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरी लुटली आणि शारदेची मूर्ती हलवली. तिच्या पुनःस्थापनेसाठी पैसे आणि धान्य टिपू सुलतानाने पाठवले.