स्वागतपर भाषण, वार्षिक सर्वसाधारण सभेतील

सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेच्या आरंभी सचिव करतात ते छोटे भाषण. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 75 नुसार आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावी लागते. त्यामुळे गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीसारख्या गावांत विकास सेवा आणि दूध संस्थांच्या सभा बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस भरतात.

स्वागताआधी सचिवांनी हजेरी नोंदवहीवरील सह्या मोजून गणपूर्ती पाहायची असते. प्रमुख पाहुणे संस्थेचे सभासद नसतील, तर त्यांना या मोजणीत धरत नाहीत आणि त्यांना मतही नसते. गणपूर्ती नसेल तर सभा पोटनियमांनुसार तहकूब होते. अशा वेळी पाहुण्यांसाठी घाईने स्वागत उरकणे चुकीचेच.

संबोधनाचा क्रम साधारण असा: ‘सभेचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, संचालक मंडळ आणि सभासद बंधू-भगिनींनो’. पाहुण्यांचे नाव व हुद्दा आदल्या दिवशी त्यांच्याकडूनच तपासून घ्यावा. नेसरीत बाहेरचा पाहुणा असेल, तर 1674 मध्ये येथील खिंडीत धारातीर्थी पडलेल्या प्रतापराव गुजरांचा उल्लेख एका वाक्यात शोभतो. इतिहास सांगत बसू नये.

नेहमीचा दोष म्हणजे स्वागतातच नफा, लाभांश, थकबाकी सांगून टाकणे. मग अहवाल वाचनाआधीच प्रश्न उठतात आणि विषयपत्रिका कोलमडते. आकडे अहवालासाठी ठेवावेत. स्वागत तीन-चार मिनिटांत संपवून लगेच मागील सभेचे इतिवृत्त वाचायला घ्यावे.