एक्सेलमधील मजकूर अर्धवट का दिसतो? रोची उंची, आयात आणि मर्ज केलेले सेल

एक्सेलच्या सेलमध्ये लांब मजकूर असेल तर तो Wrap Text या सोयीने एकाखाली एक ओळींत मांडता येतो. ओळी वाढल्या की त्या रोची उंचीही वाढायला हवी, आणि एरवी ती आपोआप वाढतेही. काही वेळा मात्र मजकूर ओळींत मांडला जातो, पण रो आहे तेवढीच राहते. मग पहिली एक-दोन ओळ दिसते आणि उरलेला मजकूर सेलच्या कडेखाली दडतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या फाइलमध्ये आणि मर्ज केलेल्या सेलमध्ये हे हमखास घडते.

यात माहिती नाहीशी होत नाही. सेलवर क्लिक केले की वरच्या फॉर्म्युला बारमध्ये पूर्ण मजकूर दिसतो. अडचण होते ती छापील प्रतीत किंवा पीडीएफमध्ये, कारण तिथे फक्त सेलमध्ये दिसणारा भागच उमटतो. समजा, एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे ठराव एक्सेलमध्ये लिहिले आहेत. एक ठराव असा आहे: ‘गच्चीच्या दुरुस्तीचे काम ठेकेदारास द्यावे व मंजूर रकमेचा दुसरा हप्ता अदा करावा, मात्र कामाची पाहणी होऊन समितीने लेखी मान्यता दिल्यानंतरच.’ शेवटची ओळ कापली गेली तर कागदावर ठराव उरतो, त्याची अट उरत नाही. वाचणाऱ्याला काही राहून गेल्याची शंकाही येत नाही, कारण वाक्य ‘अदा करावा’ इथे पूर्ण झाल्यासारखे वाटते.

रोची उंची कशी ठरते?

एक्सेलमधील प्रत्येक रो दोनपैकी एका स्थितीत असते. पहिली स्थिती आपोआप उंचीची. त्या रोमधील अक्षरांचा आकार आणि मजकुराच्या ओळी पाहून एक्सेल उंची ठरवतो. दुसरी स्थिती ठरावीक उंचीची. कोणी रोची कड माउसने ओढली किंवा Row Height मध्ये आकडा भरला, की ती रो ठरावीक उंचीची होते. त्यानंतर सेलमध्ये कितीही मजकूर आला तरी एक्सेल ती उंची बदलत नाही. वापरणाऱ्याने ती मुद्दाम ठरवली आहे, असे तो धरून चालतो.

उंची पॉइंट या मापात मोजतात. कॅलिब्री 11 हा फॉन्ट असलेल्या नेहमीच्या शीटमध्ये रो 15 पॉइंट उंच असते, म्हणजे एका ओळीपुरती.

आयात केलेल्या फाइलमध्ये काय बिघडते?

हिशेबाची किंवा नोंदणीची अनेक सॉफ्टवेअर आपला अहवाल थेट एक्सेल फाइल म्हणून देतात. ती फाइल तयार होताना रोची उंचीही त्यात लिहिली जाऊ शकते. .xlsx फाइल ही खरे तर झिप केलेली फोल्डर असते. तिच्या एका प्रतीचे नाव बदलून शेवटी .zip केले आणि ती उघडली, तर xl/worksheets या फोल्डरमध्ये शीटची फाइल सापडते. तिच्यात अशी ओळ दिसू शकते:

```
<row r="5" ht="15" customHeight="1">
```

याचा अर्थ, पाचव्या रोची उंची 15 पॉइंट आहे आणि ती मुद्दाम ठरवलेली आहे. फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने मजकूर किती ओळींचा होईल हे पाहिलेले नसते. त्याने सगळ्या रोंना एकच उंची दिलेली असते. एक्सेल ती सूचना पाळतो.

सीएसव्ही फाइलची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात केवळ मजकूर असतो, उंची किंवा मांडणी नसते. पण तोच मजकूर आधीपासून आखून ठेवलेल्या तक्त्यात चिकटवला, आणि त्या तक्त्यातील रो पूर्वी कोणी हाताने ओढलेल्या असल्या, तर परिणाम तोच होतो.

या प्रकारावरचा उपाय सोपा आहे. ज्या रोंमधला मजकूर कापला गेला आहे त्या निवडाव्यात आणि Home टॅबमधील Format या यादीतून AutoFit Row Height निवडावे. कीबोर्डवरून हेच Alt, H, O, A या कळा एकामागून एक दाबून होते. डावीकडच्या रो-क्रमांकांमधल्या रेषेवर डबल-क्लिक केले तरी चालते. यामुळे उंची वाढतेच, शिवाय रो पुन्हा आपोआप उंचीच्या स्थितीत येते, त्यामुळे पुढे मजकूर टाइप करून वाढवला तर रोही वाढते.

सगळी शीट निवडून ही आज्ञा देण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. सहीसाठी किंवा शिक्क्यासाठी मुद्दाम उंच ठेवलेल्या रिकाम्या रोही त्यामुळे आखडून एका ओळीच्या होतात.

मर्ज केलेल्या सेलमध्ये हा उपाय का चालत नाही?

AutoFit Row Height देऊनही रो वाढत नसेल, तर बहुतेक वेळा तो सेल मर्ज केलेला असतो. उंची मोजताना एक्सेल मर्ज केलेल्या सेलमधला मजकूर विचारातच घेत नाही. त्या रोमधील बाकीच्या साध्या सेलना जेवढी उंची लागेल, तेवढीच तो देतो. बाकीच्या सेलमध्ये एकेक ओळ असेल तर रो एका ओळीचीच राहते. किंबहुना हाताने वाढवलेली रोसुद्धा या आज्ञेने पुन्हा लहान होते.

शीटमध्ये मर्ज केलेले सेल कुठे आहेत हे नजरेने शोधत बसण्याची गरज नाही. Ctrl+F दाबून Options उघडावे, Format वर क्लिक करावे, Alignment टॅबमध्ये Merge cells वर खूण करावी आणि Find All म्हणावे. शीटमधल्या अशा सगळ्या सेलची यादी मिळते.

एक उदाहरण: ठरावांचा तक्ता

वरच्याच संस्थेच्या तक्त्यात D, E आणि F हे तीन कॉलम मर्ज करून ठरावासाठी जागा केली आहे. प्रत्येक कॉलमची रुंदी 10 आहे. D5 मध्ये ठराव लिहिला आहे, Wrap Text सुरू आहे आणि मजकूर वरून मांडलेला, म्हणजे Top Align आहे. ठराव चार ओळींचा होतो, पण दोनच दिसतात. AutoFit दिले की एकच उरते.

इथे एका मदतनीस कॉलमचा उपयोग होतो. तक्त्याबाहेरचा एखादा रिकामा कॉलम, समजा H, घ्यावा आणि तो मर्ज केलेल्या जागेइतकाच रुंद करावा. त्यासाठी रुंदीचा आकडा न पाहता पिक्सेल पाहावेत. कॉलमची कड माउसने दाबून धरली की छोट्या चौकटीत रुंदी आणि कंसात पिक्सेल दिसतात. कॅलिब्री 11 असलेल्या शीटमध्ये 10 रुंदीचा कॉलम 75 पिक्सेलचा असतो, म्हणजे तीन मिळून 225. H ची कड ओढून तोही 225 पिक्सेलचा करावा. रुंदीचे आकडे मिळवून 30 भरले तर तो कॉलम 215 पिक्सेलचाच होतो. कारण प्रत्येक कॉलमच्या रुंदीत अक्षरांखेरीज कडेची थोडी मोकळी जागाही धरलेली असते. तीन कॉलममध्ये ती तीनदा येते, एका कॉलममध्ये एकदाच.

मग H5 मध्ये हे सूत्र लिहावे:

```
=D5&""
```

या सूत्राने ठरावाचा मजकूर H5 मध्ये येतो, आणि D5 रिकामा असेल तर शून्य न दिसता सेल रिकामाच राहतो. H5 चा फॉन्ट आणि अक्षरांचा आकार D5 सारखाच ठेवावा, Wrap Text सुरू करावे आणि सूत्र खालच्या सगळ्या रोंमध्ये उतरवावे. आता त्या रो निवडून AutoFit Row Height दिले, की एक्सेल H मधला मजकूर मोजतो. H5 हा साधा सेल असल्याने रो चार ओळींइतकी होते, आणि शेजारचा मर्ज केलेला ठरावही पूर्ण दिसतो.

H कॉलम लपवू नये. त्याची रुंदीच मापासाठी हवी असते. त्यातील अक्षरे पांढरी करावीत आणि छपाईसाठी Page Layout मधील Print Area मध्ये फक्त मूळ तक्ता निवडावा. एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सूत्राचे उत्तर बदलले म्हणून रोची उंची आपोआप बदलत नाही. ठरावात दुरुस्ती केली की AutoFit पुन्हा द्यावे लागते.

मर्ज टाळता येते का?

तक्ता नव्याने करायचा असेल तर मर्ज न करणेच बरे. ठरावासाठी एकच रुंद कॉलम ठेवला की वरचा सगळा खटाटोप वाचतो. बहुधा मर्ज केले जाते ते वरच्या शीर्षकासाठी. त्याला दुसरी सोय आहे. शीर्षकाचे सेल निवडून Format Cells मधील Alignment टॅबमध्ये Horizontal या यादीतून Center Across Selection निवडले, तर सेल मर्ज न होताही शीर्षक मधोमध दिसते. ही सोय एका ओळीच्या शीर्षकासाठीच वापरावी. अनेक ओळींच्या मजकुरासाठी ती उपयोगी नाही.

तरीही शेवटची ओळ कापली जात असेल तर

दोन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. एक, रोची उंची 409 पॉइंटच्या पुढे जात नाही. 15 पॉइंटच्या हिशेबाने तेवढ्यात साधारण 27 ओळी बसतात. मजकूर त्याहून लांब असेल तर कॉलम रुंद करावा किंवा मजकूर दोन रोंमध्ये विभागावा.

दुसरी मर्यादा छपाईची. पडद्यावर आणि प्रिंटरवर अक्षरांची मापे किंचित वेगळी येतात. पडद्यावर चौथ्या ओळीत कसाबसा मावलेला शब्द कागदावर पाचव्या ओळीत जातो आणि ती ओळ कापली जाते. कॅलिब्रीमध्ये देवनागरी अक्षरे नसल्याने मराठी मजकूर प्रत्यक्षात दुसऱ्याच फॉन्टमध्ये दिसतो. म्हणून मराठी तक्त्याला आधीच निर्मला यूआय किंवा मंगल असा देवनागरी फॉन्ट द्यावा आणि त्यानंतर उंची जुळवावी. छापण्यापूर्वी Print Preview मध्ये प्रत्येक लांब नोंदीचा शेवटचा शब्द मूळ मजकुराशी ताडून पाहावा. एखादी नोंद अगदी कडेला टेकलेली दिसली, तर शेवटच्या प्रतीपुरती त्या रोला हाताने एक ओळ जास्त उंची द्यावी. अर्थात त्यामुळे ती रो पुन्हा ठरावीक उंचीची होते, म्हणून हे काम मजकूर पक्का झाल्यावर सर्वांत शेवटी करावे.