युद्धकाळातील एक तास आणि बदललेले लग्न

१/६
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या अवधीत, भारतातील घड्याळे प्रमाणवेळेच्या एक तास पुढे होती. त्या वर्षांतील जन्मपत्रिका हाताने मांडताना हा तास वजा करावा लागतो. तो विसरल्यास काय घडते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

२/६
जन्म पुण्याचा, १ जानेवारी १९४३, घड्याळात सकाळचे ८.३०. युद्धकालीन वेळ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होती. म्हणून ग्रिनिच वेळ पहाटे २.००. एफेमेरिसचे कोष्टक ग्रिनिच वेळेचे असल्याने गणिताचा आरंभ नेहमी येथूनच होतो.

३/६
ग्रहांसाठी त्रैराशिक पुरते. कोष्टकातील लागोपाठच्या दोन मध्यरात्रींच्या स्थानांतील अंतर म्हणजे दिनगती. समजा, चंद्राची दिनगती १३° आहे. मग २ तासांत तो १°५′ सरकतो. तेवढे पहिल्या स्थानात मिळवायचे. ग्रह वक्री असेल, तर वजा करायचे.

४/६
लग्नासाठी मात्र सांपातिक काल हवा. त्या मध्यरात्री ग्रिनिचचा सांपातिक काल ६ ता. ३९ मि. ६ से. होता. त्यात गेलेले २ तास आणि दर तासाला सुमारे १० सेकंदांप्रमाणे २० सेकंद मिळवावेत. पुण्याचे रेखांश ७३°५१′ पूर्व. दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे ४ ता. ५५ मि. २४ से. आणखी. बेरीज १३ ता. ३४ मि. ५० से. पुण्याच्या अक्षांशाच्या लग्नसारणीत या कालासमोर सायन लग्न सुमारे २८४°२५′ मिळते. सुमारे २३°३′ अयनांश वजा करता निरयन लग्न धनु राशीच्या २१ अंशांच्या पुढे येते.

५/६
आता युद्धकालीन तास विसरला, असे धरू. ग्रिनिच वेळ ३.०० धरली जाते. चंद्र जेमतेम अर्धा अंश चुकतो. लग्न मात्र पंधरा अंश पुढे जाऊन मकरेच्या ६ अंशांवर पोहोचते. लग्नरास बदलली, की सर्व भावांची मांडणीही बदलते. ग्रहांचे अंश जवळपास बरोबर दिसत असल्याने ही चूक नजरेतून सहज निसटते.

६/६
ती पकडण्याची कसोटी सूर्योदय आहे. सूर्योदयाला लग्न आणि सूर्य एकाच अंशावर असतात. त्या दिवशी पुण्यात युद्धकालीन घड्याळाने सूर्य आठ वाजून काही मिनिटांनी उगवला. जन्म त्यानंतर अर्ध्या तासाच्या आतला. म्हणून लग्न धनूच्या १७ अंशांजवळील सूर्याच्या थोडेच पुढे असायला हवे. २१ अंश या कसोटीला उतरतात. वीस अंश पुढे गेलेली मकर उतरत नाही. मात्र जुन्या टिपणातील वेळ घड्याळाची होती की आधीच प्रमाणवेळेत बदललेली, हे कोणतेही कोष्टक सांगत नाही. ते त्या टिपणातच शोधावे लागते.